टेक-होम परीक्षेत चालू घटनेला सिद्धांत कसा लावायचा: मुंब्रा दुर्घटनेचं उदाहरण

सार्वजनिक धोरण किंवा राज्यशास्त्राच्या एमएला पहिल्यांदा टेक-होम पेपर हातात पडतो तेव्हा प्रश्न साधारण असा असतो: "अभ्यासक्रमातील अजेंडा-निर्मितीच्या एका सिद्धांताच्या आधारे अलीकडच्या एखाद्या सार्वजनिक घटनेचे विश्लेषण करा. किमान तीन वाचनांचा संदर्भ द्या. शब्दमर्यादा १५००." पुस्तकं समोर उघडी आहेत, मुदत दोन-तीन दिवसांची आहे, म्हणून सोपं वाटतं. पण जमा होणाऱ्या उत्तरांपैकी बरीचशी एकाच साच्याची असतात. पहिली दोन पानं सिद्धांताचा सारांश, पुढची दोन पानं घटनेची बातमी आणि शेवटी "अशा प्रकारे हा सिद्धांत या घटनेला लागू पडतो" एवढं एक वाक्य. प्रश्नाने ज्या कामाचे गुण ठेवलेले असतात ते काम त्या एका वाक्यात गुंडाळलेलं असतं.

मी ठाण्यात नोकरी करता करता हा अभ्यासक्रम पूर्ण केला. आता कळवा, दिवा, ऐरोलीकडची मुलं पेपरच्या आधी कच्चे मसुदे घेऊन येतात. त्यांना जे समोर बसून सांगते तेच इथे एका उदाहरणावर सविस्तर लिहिते. सिद्धांत जॉन किंग्डन यांचा, एखादा विषय सरकारच्या अजेंड्यावर कसा येतो हे सांगणारा बहुप्रवाह सिद्धांत आणि घटना ९ जून २०२५ ची, लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले ती मुंब्रा रेल्वे दुर्घटना. तुमचा सिद्धांत वेगळा असला तरी कामाचा क्रम हाच राहील.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- प्रश्नपत्रिकेची छापील प्रत. मोबाइलवर वाचू नका, शब्दांखाली रेघा मारायच्या आहेत.
- अभ्यासक्रमाची वाचनयादी आणि ज्या तीन-चार वाचनांचा आधार घेणार त्यांच्या प्रती. प्रत कोणत्या आवृत्तीची आहे ते पहिल्या पानावरून पाहून लिहून ठेवा.
- वर्गात घेतलेल्या नोंदी. या फक्त वाट दाखवायला आहेत, संदर्भ म्हणून द्यायला नाहीत.
- घटनेच्या बातम्या, प्रत्येकीवर तारीख टाकून. किमान दोन वेगळी वृत्तपत्रं आणि शक्य तिथे सरकारी निवेदन.
- संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे याची विभागाची सूचना.

१. प्रश्नातलं क्रियापद शोधा

वर दिलेल्या प्रश्नात "विश्लेषण करा" हे क्रियापद आहे. "सिद्धांत स्पष्ट करा" असं कुठेही म्हटलेलं नाही. "सिद्धांताच्या आधारे" या शब्दांचा अर्थ असा की घटनेतली एखादी गोष्ट तशीच का घडली, हे सिद्धांताच्या मदतीने सांगायचं आहे. म्हणून पेन उचलण्याआधी "का" असलेला एक प्रश्न स्वतःच्या शब्दांत तयार करा.

मुंब्र्याच्या बाबतीत पहिला प्रश्न सुचतो तो "अपघात का झाला?" हा. अजेंडा-निर्मितीच्या सिद्धांताकडे त्याचं उत्तर नाही. तो रुळांचा, वळणाचा, गर्दीचा प्रश्न आहे आणि त्याची चौकशी तज्ज्ञ करतात. किंग्डन ज्याचं उत्तर देऊ शकतात तो प्रश्न वेगळा आहे: लोकलमधून पडून माणसं वर्षानुवर्षं मरत होती, मग स्वयंचलित दारांचा निर्णय या दुर्घटनेच्याच दिवशी का जाहीर झाला? आणि त्यात साध्या, म्हणजे बिगर-एसी, गाड्यांना दारं लावण्याचा मार्ग का निवडला गेला?

हा प्रश्न सापडला की निम्मं काम झालं. तो सापडत नसेल तर घटना बदला.

२. घटना निवडताना "नंतर काय ठरलं" ते पाहा

नुसती मोठी, हळहळ वाटायला लावणारी घटना पुरत नाही. अजेंड्याचा सिद्धांत लावायचा तर घटनेनंतर कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असावं लागतं, किंवा ठरवायला हवं असताना ठरवलेलं नसावं लागतं. मुंब्र्याच्या बाबतीत निर्णय आहे, त्याला तारीख आहे आणि त्याच्या मागे काही वर्षांचा इतिहासही आहे. त्यामुळे हे उदाहरण चालतं.

दिव्याचा एक मुलगा मला म्हणाला, "ताई, मी रोज तीच गाडी पकडतो. माझा अनुभव लिहू का?" त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. तुमचा अनुभव प्रश्न शोधायला फार उपयोगी आहे. दारात लटकणाऱ्याला आत शिरायला जागा नसते, हे त्या गाडीत उभं राहिलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण उत्तरात पुरावा म्हणून तो टिकत नाही, कारण परीक्षकाला तो तपासता येत नाही. अनुभवाने जे दाखवलं त्याचा छापील आधार शोधा आणि तो द्या.

३. सिद्धांत एका पानावर आणा

आख्खं पुस्तक उत्तरात ओतायचं नाही. घटनेला लावता येतील एवढेच तुकडे कागदावर घ्या. किंग्डन यांचं पुस्तक पहिल्यांदा १९८४ मध्ये आलं. अमेरिकेच्या संघराज्य पातळीवरच्या आरोग्य आणि वाहतूक या दोन क्षेत्रांतल्या लोकांच्या २४७ मुलाखतींवर ते उभं आहे. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढा:

समस्येच्या प्रवाहात आकडेवारी, लक्षवेधी घटना आणि आधीच्या धोरणांचे अनुभव यांतून एखादी परिस्थिती "समस्या" ठरते. किंग्डन परिस्थिती आणि समस्या यांत फरक करतात. परिस्थिती आपण सोसत राहतो. त्याबद्दल काहीतरी करायलाच हवं असं वाटू लागलं की तिची समस्या होते. उपायांच्या प्रवाहात तज्ज्ञ आणि अधिकारी कल्पना घोळवत असतात. त्यातल्या तांत्रिकदृष्ट्या शक्य असलेल्या, मूल्यांच्या दृष्टीने लोकांना पटणाऱ्या आणि खर्चाला झेपणाऱ्या कल्पना टिकतात. राजकारणाच्या प्रवाहात जनमानस, संघटित गट आणि सत्तेतले बदल येतात. हे तीन प्रवाह बऱ्याच अंशी वेगवेगळे वाहत असतात. एखाद्या क्षणी धोरणाची खिडकी उघडते आणि कुणीतरी पुढाकार घेऊन ते एकत्र जोडतं. ही खिडकी फार काळ उघडी राहत नाही.

उत्तरातला सिद्धांताचा भाग अडीचशे शब्दांहून लांबू देऊ नका. परीक्षकाने तो शिकवलेला आहे. तुम्हाला त्यातला कोणता भाग वापरायचाय हे कळलंय की नाही, एवढंच तो पाहतो.

४. घटनेची तारीखवार नोंद करा

एका कागदावर दोन स्तंभ आखा. डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं. मत, विशेषण, संताप काही नको. मुंब्र्याची नोंद अशी दिसेल:

- डिसेंबर २०१७: पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. तिला स्वयंचलित दारं होती.
- फेब्रुवारी २०२२: ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू.
- मे २०२२: एसी लोकलच्या एकेरी तिकिटाचे दर निम्म्याने कमी.
- ऑगस्ट २०२२: साध्या फेऱ्यांच्या जागी एसी लोकल आल्याने कळवा आणि बदलापूर इथे प्रवाशांचं आंदोलन. मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या.
- ९ जून २०२५, सोमवार सकाळ: दिवा-मुंब्रा दरम्यान, वळणावर एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधले दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. तेरा जण पडल्याचं आणि चौघांचा मृत्यू झाल्याचं वृत्त. एका जखमीचा पुढे मृत्यू.
- त्याच दिवशी: मुंबई उपनगरी सेवेच्या सर्व नव्या गाड्यांना स्वयंचलित दारं असतील, चालू गाड्यांमध्येही तशी सोय करू, अशी रेल्वेची घोषणा. पाठोपाठ बिगर-एसी गाडीचा आराखडा: दारांना हवा येण्यासाठी झडपा, छतावर ताजी हवा आत घेणारी यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जाता येईल अशी जोडणी. पहिली गाडी नोव्हेंबर २०२५ पर्यंत तयार करू आणि जानेवारी २०२६ मध्ये सेवेत आणू, असं सांगितलं गेलं.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. मृतांचा आकडा पहिल्या दिवशीच्या बातमीत एक आणि आठवड्यानंतर दुसरा असतो, म्हणून आकड्यासोबत बातमीची तारीख लिहायचीच. दुसरं म्हणजे "गाडी आणू असं जाहीर केलं" आणि "गाडी आणली" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अजेंड्याच्या सिद्धांताला घोषणा पुरते. अंमलबजावणीबद्दल लिहायचं असेल तर तिचा वेगळा पुरावा लागेल.

५. जोडणी: खरं काम इथे आहे

आता सिद्धांताचं पान आणि तारखांचं पान शेजारी ठेवा. सिद्धांतातल्या प्रत्येक तुकड्यासमोर नोंदीतली एक तरी तारीख यायला हवी. ज्या तुकड्यासमोर काहीच येत नाही तो उत्तरातून काढा. ज्या तारखेला कुठलाच तुकडा लागत नाही तिचा विचार मात्र थांबून करा, कारण नवं काही सापडतं ते बहुतेकदा तिथेच.

समस्येचा प्रवाह सोपा आहे. लोकलमधून पडून होणारे मृत्यू मुंबई-ठाण्यात परिस्थिती म्हणून स्वीकारले गेले होते. रोज एक-दोन ओळींची बातमी येत होती. ९ जूनला एकाच ठिकाणी, एकाच क्षणी अनेक जण पडले आणि परिस्थितीची समस्या झाली. बहुतेक उत्तरं इथेच थांबतात आणि "म्हणून खिडकी उघडली" असं लिहून मोकळी होतात.

उपायांच्या प्रवाहात थोडं खोल जा. बंद दारांची गाडी ही कल्पना ९ जूनला जन्मलेली नाही. एसी लोकलच्या रूपात ती २०१७ पासून रुळांवर आहे. मुंबईच्या उपनगरी प्रकल्पाच्या एमयूटीपी ३ आणि ३ए या टप्प्यांत २३८ एसी गाड्यांची योजनाही आधीपासूनची होती. मग रेल्वेने "सगळ्या एसी गाड्या लवकर आणू" एवढंच का म्हटलं नाही? बिगर-एसी गाडीला दारं लावायची तर हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. त्या अवघड वाटेने का जायचं?

उत्तर ऑगस्ट २०२२ च्या नोंदीत आहे. कळव्याच्या प्रवाशांनी एसी लोकल अडवली होती, कारण ती येताना त्यांची साधी गाडी घेऊन गेली होती. महाग पास परवडत नाही, त्यामुळे ज्या वेळेला आपली गाडी होती त्याच वेळेला आता फलाटावर उभं राहावं लागतं, अशी ती तक्रार होती. किंग्डन यांच्या भाषेत एसी लोकल तांत्रिक कसोटीला उतरली होती, पण लोकांना पटण्याच्या कसोटीवर आणि राजकारणाच्या प्रवाहात अडखळली होती. त्यामुळे २०२५ मध्ये खिडकी उघडली तेव्हा तोच उपाय जसाच्या तसा पुढे करणं अवघड होतं. दारं ठेवली, एसी काढलं. जुनी कल्पना लोकांना चालेल अशा रूपात बदलून आली.

हे वाक्य तुमच्या उत्तराचा कणा आहे. सिद्धांत न वाचलेला माणूस बातम्यांवरून ते सहज लिहू शकणार नाही आणि बातम्या न पाहिलेला माणूस सिद्धांतावरून लिहू शकणार नाही. आपण सिद्धांत लावलाय की नुसता चिकटवलाय, हे ओळखायला मी हीच खूण वापरते.

एक जपून लिहायची गोष्ट. कळव्याचं आंदोलन आणि बिगर-एसी गाडीचा निर्णय यांचा संबंध आहे असं रेल्वेने म्हटल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही. तो तुमचा अर्थ आहे. म्हणून "यामुळे रेल्वेने ठरवलं" असं ठोकून लिहू नका. "बहुप्रवाह सिद्धांतानुसार याचा अर्थ असा लावता येतो" असं लिहा आणि तारखांचा क्रम पुढे ठेवा.

६. वाचनांना एकमेकांशी बोलू द्या

"किमान तीन वाचनं" ही अट वाचून मुलं किंग्डन तीनदा उद्धृत करतात आणि उरलेली दोन नावं शेवटच्या परिच्छेदात टाकून देतात. वाचन अशा ठिकाणी आणा जिथे ते काढून टाकलं तर तुमचा मुद्दा लंगडा पडेल.

समजा वाचनयादीत थॉमस बर्कलँड यांचं लक्षवेधी घटनांवरचं १९९७ चं पुस्तक आणि डेबोरा स्टोन यांचा कारण-कथांवरचा १९८९ चा लेख आहे. बर्कलँड यांच्या व्याख्येत अशी घटना अचानक घडते, तुलनेने विरळ असते, तिने हानी होते किंवा पुढच्या हानीची शक्यता दिसते, ती हानी एखाद्या भागापुरती किंवा समुदायापुरती एकवटलेली असते आणि धोरणकर्त्यांना व जनतेला ती जवळपास एकाच वेळी कळते. मुंब्रा यातल्या चार गोष्टींत चपखल बसतं. "विरळ" या शब्दावर अडतं, कारण लोकलमधून पडणं विरळ मुळीच नाही.

ही अडचण लपवू नका, तिच्यावरच परिच्छेद लिहा. पडणं रोजचं होतं, एका क्षणी इतक्यांचं पडणं विरळ होतं. म्हणजे लक्ष वेधलं ते हानीच्या प्रकाराने नाही, ती एका जागी एकवटल्याने. वर्षभर विखुरलेले मृत्यू अजेंड्यावर येत नाहीत आणि एका सकाळचे येतात, हे बर्कलँडच्या व्याख्येतून निघतं. ते सांगताना वाईट वाटतं, पण सांगायला हवं.

स्टोन यांचं म्हणणं असं की एखादी अडचण राजकीय समस्या होते ती तिच्यामागे कुणाची तरी कृती आहे अशी कथा मांडली जाते तेव्हा. त्यांनी कारण-कथांचे चार प्रकार केलेत: अपघाती, यांत्रिक, हेतुपूर्वक आणि हेतू नसताना कृतीतून घडलेलं. निष्काळजीपणा या चौथ्या प्रकारात येतो. मुंब्र्याबद्दल सांगितल्या गेलेल्या दोन्ही मुख्य कथा चौथ्या प्रकारच्याच आहेत, फक्त माणसं वेगळी. एका कथेत प्रवासी दारात लटकले म्हणून पडले. दुसरीत गाड्या अपुऱ्या, वळण धोक्याचं आणि देखभाल कमी म्हणून पडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीवरून रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा दाखल केला तो या दुसऱ्या कथेला धरून. तो आरोप आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. उत्तरात तसंच लिहा.

आता जोडा: बंद दार हा उपाय पहिल्या कथेला नेमका बसतो. दुसरी कथा मान्य केली तर उपाय वाढीव फेऱ्या आणि रुळांची कामं हा होतो. म्हणजे कोणती कथा आधी स्वीकारली गेली त्यावर कोणता उपाय पुढे आला हे ठरलं. किंग्डन यांच्या मांडणीत हा भाग थोडा पातळ आहे आणि स्टोन तो भरून काढतात. तीन वाचनं आली आणि एकही उपरं वाटत नाही.

७. संदर्भ देताना होणाऱ्या चुका

पहिली आवृत्तीची. किंग्डन यांचं पुस्तक १९८४, १९९५ आणि २०१० अशा वेगवेगळ्या छपाईत मिळतं आणि पानांचे क्रमांक जुळतीलच असं नाही. जी प्रत हातात आहे तिचंच वर्ष आणि तिचाच पान क्रमांक द्या. मित्राच्या नोंदींतून पान क्रमांक उचलू नका. पान सापडत नसेल तर प्रकरण सांगा. समस्यांची चर्चा पाचव्या प्रकरणात आहे, उपायांची सहाव्यात, राजकारणाची सातव्यात आणि खिडकीची आठव्यात.

दुसरी उसन्या वाचनाची. अनेक ठिकाणी मूळ पुस्तक नेमलेलं नसतं, निकोलाओस झाहारियाडिस यांचं बहुप्रवाह सिद्धांतावरचं प्रकरण नेमलेलं असतं. तुम्ही वाचलंय झाहारियाडिस आणि संदर्भ देताय किंग्डनचा, हे परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं, कारण शब्दप्रयोग झाहारियाडिस यांचे असतात. "झाहारियाडिस यांनी मांडल्याप्रमाणे किंग्डन म्हणतात" असं प्रामाणिकपणे लिहा. त्याने गुण जात नाहीत.

तिसरी अवतरणांची. मूळ इंग्रजी वाक्याचं तुम्ही केलेलं मराठी रूप अवतरणचिन्हांत टाकलं तर ते लेखकाचे शब्द असल्यासारखं दिसतं. म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडा आणि संदर्भ द्या. शब्दशः उतारा खरोखर हवाच असेल तर भाषांतर तुमचं असल्याचं नोंदवा. आणि बातम्या म्हणजे वाचनं नव्हेत. पाच बातम्यांचे संदर्भ दिले तरी "किमान तीन वाचनं" ही अट अपुरीच राहते.

८. सिद्धांत कुठे कमी पडतो ते लिहा

दीड-दोनशे शब्द यासाठी राखून ठेवा. "हा सिद्धांत पाश्चात्त्य आहे, भारताला लागू होत नाही" हे वाक्य टाळा. कोणत्याही सिद्धांताला ते चिकटवता येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. तुमच्या घटनेने सिद्धांताचा कोणता सांधा ताणला, ते सांगा.

मुंब्र्यात तो सांधा प्रवाहांच्या वेगळेपणाचा आहे. किंग्डन यांनी पाहिलेल्या अमेरिकेत समस्या मांडणारे, उपाय घोळवणारे आणि निर्णय घेणारे बरेचदा वेगळे होते. इथे अपघाताची पहिली माहिती देणारी रेल्वे, गाडीचा आराखडा करणारी रेल्वे आणि निर्णय जाहीर करणारं मंत्रालयही रेल्वेचंच. प्रवाह मुळात वेगळे नसतील तर "जोडणी" कशाची झाली? निर्णय इतक्या झपाट्याने का आला, याचं एक उत्तर इथेही असू शकतं. पुढाकार घेणाऱ्या धोरण-उद्योजकाची भूमिका इथे कुणाची, हाही प्रश्न तसाच राहतो. मंत्र्यांचं नाव घेऊन तो पटकन मिटवू नका. किंग्डन यांचा उद्योजक एखाद्या प्रस्तावासाठी आधीपासून वेळ आणि ताकद खर्च करत आलेला असतो. तसं कुणी सापडत नसेल तर सापडत नाही असं लिहा.

९. शब्दांची वाटणी आणि एक परिच्छेद

१५०० शब्दांत मी असं वाटून देते: प्रश्न आणि तुमचा दावा १५०, सिद्धांत २५०, घटना २००, जोडणी ६५०, मर्यादा २००, निष्कर्ष ५०. जोडणी सर्वांत आधी लिहा आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. दावा नेमका काय होता हे जोडणी लिहिताना कळतं.

एका मसुद्यात आलेला परिच्छेद असा होता:

> किंग्डन यांच्या मते लक्षवेधी घटनेमुळे खिडकी उघडते. मुंब्रा दुर्घटना ही लक्षवेधी घटना होती. त्यामुळे धोरणाची खिडकी उघडली आणि रेल्वेने स्वयंचलित दारांचा निर्णय घेतला.

चूक एकही नाही, पण कोणत्याही अपघाताचं नाव घातलं तरी हा परिच्छेद तसाच वाचता येईल. बसून दुरुस्त केल्यावर तो असा झाला:

> ९ जून २०२५ च्या दुर्घटनेने खिडकी उघडली, तरी तिच्यातून आत येणारा उपाय आधीपासून तयार होता. बंद दारांची लोकल २०१७ पासून धावत होती. किंग्डन (१९९५, प्रकरण ६) यांच्या मते केवळ तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याने कल्पना टिकत नाही, ती मूल्यांच्या दृष्टीने पटावीही लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर इथल्या प्रवाशांनी एसी फेऱ्यांना केलेला विरोध हा या दुसऱ्या कसोटीवरचा अडथळा होता. बिगर-एसी गाडीला स्वयंचलित दारं लावण्याचा प्रस्ताव हा तो अडथळा टाळणारा बदल म्हणून वाचता येतो.

लांबी दुपटीहून जास्त झाली, म्हणून दुसरं काहीतरी कापावं लागलं. सिद्धांताच्या सारांशातली गार्बेज कॅन प्रतिमानाची, म्हणजे किंग्डन यांच्या सिद्धांतामागच्या जुन्या मांडणीची, पार्श्वभूमी कापली. या प्रश्नासाठी ती लागत नव्हती.

१०. सबमिट करण्याआधी

छापून एकदा वाचा. प्रत्येक परिच्छेदात सिद्धांतातली एक संकल्पना आणि घटनेतला एक तपशील, दोन्ही आहेत का ते पाहा. ज्यात एकच आहे तो परिच्छेद सारांश किंवा बातमी झालेला असतो. सिद्धांत आणि घटना मांडणारे दोन भाग याला अपवाद. संज्ञा सगळीकडे एकच ठेवा. एका पानावर "उपायांचा प्रवाह" आणि पुढच्या पानावर "धोरणप्रवाह" लिहिलं तर वाचणाऱ्याला त्या दोन गोष्टी वाटतात.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी युनिकोडच वापरावं. जुन्या फॉण्टमध्ये लिहिलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची रांगोळी होते आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही ती वाचता येत नाही. पीडीएफ करून ती मोबाइलवर उघडून पाहा, जोडाक्षरं आणि रफार जागेवर आहेत का ते बघा. विशेषतः परदेशी नावं तपासा, "बर्कलँड" मधला रफार बरेचदा निसटतो. पोर्टल शेवटच्या तासात अडकतं, त्यामुळे मुदतीच्या आदल्या संध्याकाळी फाइल चढवा. पोचपावतीचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा काढून ठेवा. फाइल चढल्याचा ईमेल आला नाही, तर त्याच रात्री विभागाच्या पत्त्यावर फाइल जोडून पाठवा.